पोस्टग्रेससाठी स्टँडबाय की बॅकअपमधून रिस्टोअर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या मालवाहतूक कंपनीचा बुकिंगचा डेटाबेस पोस्टग्रेसवर चालतो. त्याचा आकार सुमारे ६०० जीबी असून मुख्य सर्व्हर एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये आहे. आपत्तीच्या तयारीसाठी आम्ही गेले काही महिने दोन व्यवस्था एकाच वेळी चालवल्या. पहिली म्हणजे हैदराबाद रीजनमधला, स्ट्रीमिंग रेप्लिकेशनने सतत अद्ययावत होणारा स्टँडबाय सर्व्हर. दुसरी म्हणजे पीजीबॅकरेस्टने हैदराबादच्याच ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये ठेवलेले बॅकअप आणि त्यांच्या जोडीला तिथे जमा होत राहणाऱ्या वॉल फायली. व्यवस्थापनाची अपेक्षा अशी होती की, जास्तीत जास्त पाच मिनिटांची माहिती गेली तर चालेल (हा आरपीओ) आणि काम एका तासाच्या आत पुन्हा सुरू व्हायला हवे (हा आरटीओ).

सुरुवातीला बैठकीत सगळ्यांचा समज असा होता की, बॅकअपवर विसंबलो तर एका दिवसाची माहिती जाणार आणि म्हणून स्टँडबाय घ्यावाच लागणार. रात्री एकदा डंप घेऊन ठेवण्याच्या पद्धतीबाबत हे खरे आहे, पण वॉल फायली सतत बाहेर पाठवल्या जात असतील तर नाही. वॉलचा एक तुकडा १६ एमबीचा असतो आणि तो भरला की संग्रहात जातो. कामाचा ओघ कमी असताना तो भरण्याची वाट पाहावी लागू नये म्हणून आम्ही `archive_timeout` ६० सेकंदांवर ठेवले आहे. त्यामुळे मुंबई रीजन पूर्ण बंद पडला तरी साधारण मिनिटभराची आणि वर पाठवण्यात रखडलेल्या एखाद्या तुकड्याची माहिती जाईल. पाच मिनिटांचा आरपीओ बॅकअपचा मार्गही पाळू शकतो. अट एकच, की संग्रहात फायली खरोखर पोहोचत असल्या पाहिजेत, आणि ते `pg_stat_archiver` मधल्या `last_archived_time` वर सूचना लावल्याशिवाय कळत नाही, कारण पाठवणी थांबली तरी डेटाबेस निमूटपणे चालूच राहतो आणि फायली `pg_wal` मध्ये साचत जातात.

खरा फरक आरटीओमध्ये दिसला. रिस्टोअरचा वेळ दोन भागांत जातो: आधी बॅकअपच्या फायली नव्या डिस्कवर उतरवणे आणि नंतर त्या बॅकअपपासून पुढच्या वॉल फायली क्रमाने लागू करणे. नव्या जीपी३ डिस्कचा मूळ वेग सेकंदाला १२५ एमबी असतो, म्हणजे ६०० जीबी उतरवायलाच ऐंशी मिनिटे लागतात आणि आरटीओ तिथेच मोडतो. डिस्क तयार करतानाच वेग ५०० एमबीपर्यंत वाढवून घेतला आणि पीजीबॅकरेस्टला `process-max` आठ दिले, तेव्हा हे काम वीस मिनिटांवर आले. दुसऱ्या भागाला मात्र असा सोपा उपाय नाही, कारण वॉल लागू करण्याचे काम पोस्टग्रेसमध्ये एकच प्रक्रिया करते. आमच्याकडे दिवसाला सुमारे ४० जीबी वॉल तयार होते आणि ते सेकंदाला जेमतेम २५ एमबी या गतीने लागू होते. एका दिवसाच्या वॉलला सत्तावीस मिनिटे. पूर्ण बॅकअप रविवारी घेत असू, त्यामुळे शनिवारी आपत्ती आली असती तर सहा दिवसांच्या वॉलला दोन तास चाळीस मिनिटे लागली असती. याच कारणाने आता रोज रात्री डिफरन्शिअल बॅकअप घेतला जातो. मशीन उभे करणे धरून एकूण वेळ तासाच्या आसपास येतो, पण हाताशी काहीच सवड उरत नाही.

स्टँडबायच्या बाबतीत `pg_promote()` काही सेकंदांत पूर्ण होते. सरावात ॲप्लिकेशन पुन्हा चालू व्हायला पाव तास लागला, आणि त्यातला बराचसा वेळ जुना मुख्य सर्व्हर खरोखर बंद आहे ना, हे ठरवण्यात गेला. हा वेळ वाचवू नये, असे माझे मत आहे; दोन सर्व्हर एकाच वेळी नोंदी घेऊ लागले तर त्या नोंदी पुढे जुळवता येत नाहीत. खर्च वाचावा म्हणून स्टँडबाय निम्म्या मेमरीचा ठेवला आहे, तेव्हा बढतीनंतर मशीन मोठे करण्यासाठी एक रीस्टार्टही धरावा लागतो. शिवाय संपूर्ण रीजन बंद पडल्यावर सगळेच शेजारच्या रीजनमध्ये धावतात, अशा वेळी हव्या त्या आकाराचे मशीन मिळेलच असे नाही. रेप्लिकेशन असिंक्रोनस असल्याने स्टँडबायचा आरपीओ म्हणजे त्या क्षणाची पिछाडी. एरवी ती एका सेकंदाच्या आत असते, पण रात्रीच्या हिशेबाच्या मोठ्या कामात काही मिनिटांवर जाते. सिंक्रोनस करून ती शून्यावर आणता येते, परंतु मग प्रत्येक कमिट हैदराबादहून पोच येईपर्यंत थांबतो आणि एकुलता स्टँडबाय बंद पडला तर मुख्य सर्व्हरचे कमिटही अडकतात. आमच्या कामाला तो सौदा परवडणारा नाही. रेप्लिकेशन स्लॉट वापरणाऱ्यांनी `max_slot_wal_keep_size` नक्की ठरवावे, अन्यथा स्टँडबाय बंद असताना साचणाऱ्या वॉलने मुख्य सर्व्हरचीच डिस्क भरते.

एवढ्यावर निर्णय स्टँडबायच्या बाजूने झाला असता, पण मधल्या काळात एका देखभालीच्या स्क्रिप्टमधून `WHERE` नसलेला `UPDATE` चालला आणि भाड्याच्या दरांचा अख्खा तक्ता बिघडला. स्टँडबायने तो बदल सेकंदाच्या आत इमानाने स्वतःवर उतरवून घेतला. अशा प्रसंगी आरपीओ आणि आरटीओ दोन्ही बॅकअपवरच ठरतात. आम्ही वेगळ्या मशीनवर चुकीच्या आधीच्या मिनिटापर्यंत रिस्टोअर केले आणि तेवढा तक्ता तिथून परत आणला. बाकीचा डेटाबेस तोपर्यंत चालूच होता.

```
pgbackrest --stanza=booking --type=time \
  --target="2024-11-12 10:41:00+05:30" \
  --target-action=promote --archive-mode=off restore
```

वेळेपुढचा `+05:30` गाळू नये, कारण सर्व्हर यूटीसीवर असेल तर साडेपाच तासांचा घोळ होतो. `--archive-mode=off` यासाठी, की ही तात्पुरती प्रत बढती मिळाल्यावर आपल्या वॉल फायली मूळ संग्रहात ढकलू लागू नये.

गिटलॅबचा ३१ जानेवारी २०१७ चा प्रसंग याच संदर्भात वाचण्यासारखा आहे, आणि त्यांनी तो स्वतःच सविस्तर प्रसिद्ध केला आहे. तिथे पिछाडीवर पडलेला दुय्यम सर्व्हर दुरुस्त करताना मुख्य सर्व्हरचीच डेटा डिरेक्टरी पुसली गेली. `pg_dump` चे बॅकअप आवृत्ती न जुळल्याने आधीपासूनच अयशस्वी होत होते आणि त्याची सूचना देणारे मेल पोहोचत नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेला स्नॅपशॉट होता, म्हणून नुकसान सुमारे सहा तासांवर थांबले. तो परत आणायला मात्र अठरा तासांच्या आसपास लागले, कारण ज्या डिस्कवरून तो उतरवायचा होता ती संथ होती.

सध्याची आमची मांडणी अशी आहे. बुकिंगच्या डेटाबेससाठी स्टँडबाय ठेवला आहे आणि रीजन किंवा मशीन बंद पडल्यास त्याच्यावरच जायचे ठरले आहे. बिघडलेल्या माहितीसाठी बॅकअपचा मार्ग आहे. `recovery_min_apply_delay` वापरून दोन तास मागे चालणारा आणखी एक स्टँडबाय घ्यावा का, यावर चर्चा झाली. चूक दोन तासांत लक्षात आली तरच त्याचा उपयोग आहे, आणि दरांचा घोळ आमच्याकडे संध्याकाळच्या ताळमेळात कळला होता, म्हणून तो बेत सोडला. अहवालांच्या डेटाबेसला आठ तासांचा आरटीओ पुरतो, त्यामुळे त्याचा स्टँडबाय काढून टाकला आणि त्या पैशांत दर महिन्याला पूर्ण रिस्टोअरची चाचणी बसवली. बुकिंगचा डेटाबेस एक टीबीच्या पुढे गेला की ५०० एमबीच्या वेगानेही नुसत्या फायली उतरवायला तेहेतीस मिनिटांहून अधिक लागतील. त्याआधी जुन्या वर्षांचे तक्ते वेगळ्या डेटाबेसमध्ये हलवण्याचे काम हाती घेतले आहे.