स्टेप्डमधून स्प्लाइन: सरळ कन्व्हर्ट, पोझ कॉपी की दाट ब्रेकडाऊन?

स्टेप्डमध्ये शॉट झकास दिसत होता, सगळ्या की सिलेक्ट केल्या, स्प्लाइन केल्या आणि प्ले दाबल्यावर कॅरेक्टर पाण्याखाली असल्यासारखं तरंगायला लागलं. हे ज्याच्याबाबतीत झालं नाही असा ॲनिमेटर मला तरी अजून भेटलेला नाही. मग कोणी म्हणतं पोझ कॉपी करून होल्ड बनव, कोणी म्हणतं स्टेप्डमध्येच दर दोन-तीन फ्रेमला की टाक म्हणजे प्रश्नच येणार नाही, आणि नवीन माणूस मधल्यामध्ये अडकतो. मी तिन्ही वापरून बसलोय, तर एकच शॉट घेऊन तिन्ही शेजारी-शेजारी ठेवतो.

त्याआधी एक गोष्ट बघून घ्या. कन्व्हर्ट केल्यावर की-टू-की उड्या मारा, मायामध्ये `.` आणि `,` ने. सगळ्या कंट्रोलला की असेल तर प्रत्येक की-फ्रेमवर पोझ जशीच्या तशी असते, कारण की ची व्हॅल्यू बदललेलीच नसते, बदललाय तो फक्त दोन कीमधला प्रवास. स्टेप्डमध्ये पोझ पुढच्या कीपर्यंत थांबून राहते, स्प्लाइनमध्ये ती की-फ्रेमवर पोचते आणि त्याच क्षणी निघायला लागते. म्हणजे जी पोझ स्टेप्डमध्ये 17 फ्रेम दिसत होती ती आता एक फ्रेम दिसते, आणि आपल्याला वाटतं पोझ बिघडली.

आता शॉट. 24 एफपीएस, 72 फ्रेम, म्हणजे तीन सेकंद. कॅरेक्टर खुर्चीत बसलंय, आवाज येतो, दाराकडे बघतं आणि उठतं. ब्लॉकिंगमध्ये पाच पोझ: 1 ला बसलेलं, 18 ला मान वळवलेली, 34 ला उठण्याआधी खाली-पुढे दबलेलं (अँटिसिपेशन), 48 ला उभं राहून जरा जास्तच ताणलेलं, 56 ला स्थिर.

पहिला रस्ता, सरळ कन्व्हर्ट. मायामध्ये कंट्रोल सिलेक्ट करून

```
keyTangent -itt auto -ott auto;
```

ब्लेंडरमध्ये सगळ्या की निवडून `T` दाबून `Bezier`, मग `V` दाबून `Auto Clamped`. दहा सेकंदांचं काम. होतं काय, तर मान जी पाच-सहा फ्रेममध्ये वळायला हवी ती 1 पासून 18 पर्यंत सतरा फ्रेम हळूहळू वळत राहते, वळून होते न होते तोच अंग दबायला लागतं तेही सोळा फ्रेम, कुठेच थांबा नाही, सगळा वेग सारखाच. आवाज कधी ऐकला, विचार कधी केला, काही कळत नाही. तरी हा रस्ता अगदीच टाकाऊ नाही हां, कोणी चेंडू फेकतंय किंवा पळतंय अशा होल्ड नसलेल्या शॉटला, की मुळातच जवळजवळ असतील तर, सरळ कन्व्हर्टने बरंच काम होऊन जातं. ॲक्टिंग शॉटला मात्र नाही.

दुसरा रस्ता, पोझ कॉपी. प्रत्येक पोझ जिथून निघायला हवी तिथे तीच पोझ परत की करायची. आपल्या शॉटमध्ये 1 ची पोझ 12 ला, म्हणजे मान 12 ते 18 सहा फ्रेममध्ये वळेल. 18 ची पोझ 29 ला, म्हणजे दबणं पाच फ्रेमचं. 34 ची पोझ 38 ला. 48 ला कॉपी नाही, कारण ती नुसती जाता-जाता ताणलेली पोझ आहे, तिथे थांबायचंच नाहीये, 56 पर्यंत आठ फ्रेममध्ये ती बसते. शेवटी 56 ची 72 ला. पाचच्या नऊ की झाल्या आणि आता ऑटो टँजंट लावलं की ते काम करतं, कारण दोन सारख्या व्हॅल्यूंमध्ये ऑटो कर्व्ह सपाट ठेवतो. इथे `Spline` टँजंट निवडू नका, तो गुळगुळीत करण्याच्या नादात होल्डच्या बाहेर फुगतो आणि पाय जमिनीत घुसतो.

यात दोन गोष्टी लोक विसरतात. एक, स्टेप्डमध्ये मान 18 व्या फ्रेमला टाळी वाजल्यासारखी बदलत होती, आता ती 13-14 पासूनच हलताना दिसणार. म्हणून पोचायची फ्रेम तीच ठेवा आणि निघायची अलीकडे घ्या, याचा अर्थ होल्ड आधीच्या पोझमधून खाल्ला जातो. 18 ची पोझ स्टेप्डमध्ये 16 फ्रेम होती, आता 11 उरली, ती वाचता येते. पण एखादी पोझ स्टेप्डमध्ये आठच फ्रेम असेल आणि निघायला सहा लागत असतील तर उरल्या दोन, ती पोझ प्रेक्षकाला दिसणारच नाही. असं असेल तर स्टेप्डमध्ये असतानाच पुढच्या सगळ्या की चार-पाच फ्रेम ढकलून घ्या, स्प्लाइन झाल्यावर टायमिंग हलवायचं म्हणजे कर्व्हचे आकारही परत जुळवत बसा.

दुसरी, हुबेहूब कॉपी म्हणजे मेलेला होल्ड. 18 ते 29 मध्ये कॅरेक्टर पुतळा होतं, थ्रीडीमध्ये हे फारच डोळ्यात येतं. मी 29 ची कॉपी केली की मान ज्या दिशेने आली त्याच दिशेला दोन-तीन अंश अजून सरकवतो, छाती अगदी किंचित. ती पुढे सरकली तरच जिवंत वाटते, मागे घेतली तर माणूस विचार बदलतोय असं दिसतं.

आता तिसरा रस्ता, दाट ब्रेकडाऊन, ज्याला बरेच जण ब्लॉकिंग प्लस म्हणतात. स्टेप्डमध्येच दर दोन ते चार फ्रेमला पोझ घालायची, म्हणजे कॉम्प्युटरला स्वतःच्या मनाने भरायला जागाच उरत नाही. याचा फायदा कुठे कळतो तर आपल्या शॉटच्या उठण्यात. 38 ते 48 मध्ये समजा कंबरेचा कंट्रोल 30 युनिट पुढे आणि 40 युनिट वर जातो. दोन्ही टोकांना कर्व्ह सपाट असेल तर 42 व्या फ्रेमला कॉम्प्युटर साधारण 10.6 पुढे आणि 14 वर देतो, म्हणजे दोन्ही एकाच प्रमाणात, तिरपी सरळ रेघ. बघताना वाटतं कोणीतरी वरून दोरीने ओढलंय. खरा माणूस आधी वजन पायांवर आणतो, नाक गुडघ्याच्या पुढे जातं, बूड खुर्चीवरून जेमतेम सुटतं आणि मग वर. तर 42 ला ब्रेकडाऊन टाकायचा: पुढे 22, वर फक्त 6, छाती अजून झुकलेली, डोकं खाली. या एका कीने वजन येतं, आणि हे कुठलंही टँजंट सेटिंग तुम्हाला देणार नाही.

मग सगळ्या शॉटभर असंच का नाही करायचं? कारण 72 फ्रेममध्ये दर तिसऱ्या फ्रेमला म्हटलं तरी 24 पोझ, आणि डायरेक्टर म्हणाला की बघणं जरा लवकर आणि उठणं जरा उशिरा, तर त्या सगळ्यांची ओढाताण. शिवाय हाताने टाकलेल्या इतक्या की म्हणजे कर्व्हवर बारीक खड्डे-उंचवटे, स्प्लाइन केल्यावर कोपर आणि खांदा थरथरतो आणि मग शोधत बसायचं की कुठली की काढली तर चालेल. मी एका शॉटला सगळीकडे दाट की घातल्या होत्या, नोट्स आल्या, टायमिंग अर्धं बदललं, शेवटी अर्ध्याहून जास्त ब्रेकडाऊन उडवून पोझ कॉपीवरच आलो, दोन दिवस गेले.

तर माझं म्हणणं असं. शॉटमध्ये थांबे जास्त, चेहरा-संवाद जास्त आणि नोट्स अजून यायच्या असतील तर पोझ कॉपी. अंगाची हालचाल मुख्य असेल, उडी, पडणं, ढकलणं, आणि टायमिंग पास झालं असेल तर दाट ब्रेकडाऊन. आणि आपल्या खुर्चीच्या शॉटसारखं मिक्स असेल, जे बहुतेक वेळा असतंच, तर सांगाडा पोझ कॉपीचा आणि ब्रेकडाऊन फक्त जिथे वजन हलतं किंवा हात अंगाला वळसा घालतो तिथे. मी हेच करतो, 38 ते 48 मध्ये दोन की आणि मान वळताना 15 ला एक, हनुवटी जरा खाली घेतलेली, की झालं.

कुठलाही रस्ता घ्या, कन्व्हर्टच्या आधी एक काम स्टेप्डमध्येच उरकायचं. प्रत्येक पोझ-फ्रेमवर सगळ्या कंट्रोलला की आहे का बघा. समजा डाव्या खांद्याला 1 ला की आहे, थेट 48 ला आहे, मधे काही नाही. स्टेप्डमध्ये खांदा 47 पर्यंत गप्प बसतो म्हणून कळत नाही, स्प्लाइन केल्यावर तो 1 पासूनच सरकायला लागतो आणि 18 ची, 34 ची पोझ खरोखर मोडते, की-फ्रेमवरसुद्धा. हा एकच प्रकार जिथे पोझ सचमुच बिघडते. स्टेप्डमध्ये असताना सगळे कंट्रोल सिलेक्ट करून मायामध्ये प्रत्येक पोझवर `S` दाबलं तर दिसतेय ती व्हॅल्यू पक्की होते. हेच स्प्लाइननंतर केलं तर सरकलेली व्हॅल्यू पक्की होते, म्हणजे चूक कोरून ठेवल्यासारखं.

आयके-एफके स्विच आणि हात कशाला चिकटलाय ते ठरवणारे स्पेस स्विच मात्र स्टेप्डच राहू द्या. 0 वरून 1 ला स्प्लाइनने गेले तर मधल्या फ्रेमला हात ना गुडघ्यावर ना हवेत, भलतीकडेच तरंगतो. वरच्या कमांडमध्ये तेही बदलले जातात, म्हणून फक्त त्या चॅनलच्या की नंतर ग्राफ एडिटरमध्ये निवडून परत `keyTangent -ott step` द्यावं लागतं. आणि मनगट एका कीला 170 अंश, पुढच्या कीला उणे 170 असं असेल तर फरक फक्त 20 अंशांचा, पण कर्व्ह 340 अंश उलटा फिरून जातो, स्टेप्डमध्ये हे कधीच दिसत नाही. मायाच्या ग्राफ एडिटरमध्ये रोटेशनचे तिन्ही कर्व्ह निवडून `Curves > Euler Filter` बहुतेक वेळा सोडवतो, नाही सुटलं तर त्या कीची व्हॅल्यू हाताने 190 करा, पोझ तीच राहते.

कन्व्हर्टच्या आधी एक प्लेब्लास्ट काढून ठेवा आणि नंतरचा त्याच्या शेजारी लावून 18, 34, 48, 56 या फ्रेमवर थांबून बघा. तिथे फरक दिसला तर की राहिलीय, आणि तिथे सगळं सारखं असून शॉट तरीही तरंगत असेल तर होल्ड राहिलाय.