६०० च्या शीटवर ट्रायल बघून पैसे देऊ नका: रोटरी कटरच्या 'कॅम'मधली फसवणूक

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत क्राफ्ट पेपरच्या रोलमधून शीट कापणाऱ्या एका कारखान्याने जुन्या गिअरच्या रोटरी कटरवर सर्व्हो मोटर बसवून घेतली. कोटेशनमध्ये लिहिलं होतं: इलेक्ट्रॉनिक कॅम, शीट ३०० ते १२०० मिमी, वेग मिनिटाला ६० मीटर. ट्रायलला ६०० मिमीच्या शीट काढल्या, टेपने मोजल्या, कडा वस्तऱ्याने कापल्यासारख्या होत्या. ८० टक्के पैसे त्याच दिवशी गेले. पुढच्या आठवड्यात ४५० ची ऑर्डर लावली आणि प्रत्येक शीटची कड फाटून येऊ लागली. कॅम, म्हणजे कापाच्या क्षणी ब्लेडचा वेग कागदाशी जुळवणारा प्रोग्राम, त्या मशीनमध्ये कधी टाकलाच नव्हता.

हे ट्रायलला का कळलं नाही, ते नीट समजून घ्या. या कटरच्या ड्रमवर एक ब्लेड आहे आणि ब्लेडच्या टोकाचा परीघ ६०० मिमी आहे. म्हणजे ६०० ची शीट कापताना ब्लेडचं टोक आणि कागद पूर्ण फेरीभर एकाच वेगाने जातात. तिथे कॅमची गरजच नसते, कागद आणि ब्लेड यांच्या वेगाचं साधं गुणोत्तर पुरतं. परिघाएवढ्या लांबीवर खरा कॅम आणि नुसतं गुणोत्तर यांत काडीचाही फरक दिसत नाही. सप्लायरने ट्रायलला नेमकी तीच लांबी निवडली होती.

आता ४५० घ्या. ६० मीटरला कागद सेकंदाला १००० मिमी धावतो, म्हणजे दर ०.४५ सेकंदाला एक काप हवा. नुसत्या गुणोत्तरावर ब्लेड सतत १३३३ मिमीने फिरतं. कापाच्या क्षणी ते कागदापेक्षा पुढे पळतं, कागद ओढतं आणि फाडतं. ९०० च्या शीटला उलट होतं: ब्लेड ६६७ ने रेंगाळतं, मागून येणारा कागद त्यावर आदळतो आणि फुगून सुरकुततो. वाईट म्हणजे लांबी दोन्हीकडे बरोबरच येते, कारण गुणोत्तर बरोबर असतं. म्हणून टेपने मोजणं ही तपासणीच नव्हे.

खऱ्या कॅममध्ये ब्लेड कागदाला लागण्याच्या थोडं आधीपासून काप सुटेपर्यंत, समजा ६० अंशांत, दोघांचा वेग सारखा ठेवला जातो. उरलेल्या ३०० अंशांत ड्रम पळून किंवा रेंगाळून हिशेब जुळवतो. ४५० ला त्या उरलेल्या ५०० मिमीसाठी ०.३५ सेकंद मिळतात, त्यामुळे वेग १००० वरून साधारण १८५७ पर्यंत चढवून परत १००० वर आणावा लागतो.

तक्रार केल्यावर उत्तरं ठरलेली होती: कागदाचा जीएसएम कमी-जास्त आहे, ब्लेडला धार नाही, टेन्शन ढिलं आहे. धार गेली असती तर ६०० ची शीटही खराब आली असती, एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. शेवटी दुसऱ्या माणसाकडून प्रोग्राम उघडून घेतला, तेव्हा ४५० साठी आत हे निघालं:

```
GearIn1(Master:=Web, Slave:=Knife, Execute:=TRUE,
        RatioNumerator:=4, RatioDenominator:=3);
```

हा `MC_GearIn` ब्लॉक, म्हणजे निव्वळ गुणोत्तर. कॅम असता तर `MC_CamTableSelect` आणि `MC_CamIn` दिसले असते. प्रोग्राम उघडता येत नसेल तर ड्राइव्हच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रमच्या वेगाचा ट्रेस मागा. ४५० ला सरळ आडवी रेष दिसली तर कॅम नाही. खऱ्या कॅमची रेष दर फेरीला चढते-उतरते आणि कापाच्या जागी सपाट होते.

सॉफ्टवेअरशिवायही ओळखता येतं. लांबी १२०० लावा, वेग २० मीटरवर आणा आणि गार्ड जागेवर लावलेलाच ठेवून ड्रमवरच्या खडूच्या खुणेकडे बघा. कॅम असेल तर ड्रम दर फेरीत मंदावतो, जवळजवळ थांबतो, मग कागदाला गाठायला वेग घेतो. एकसारखा फिरत राहिला तर तुम्हाला गुणोत्तर विकलं आहे. ट्रायल परिघापेक्षा लहान, परिघाएवढी आणि मोठी अशा तीन लांब्यांवर, करारातल्या वेगाने घ्या. उरलेले पैसे त्यानंतरच द्या. प्रोग्रामची पासवर्ड नसलेली प्रतही त्याच वेळी मागा.

इथे दुसरी फसवणूक मोटरची होती, ती कॅम लिहिल्यावर उघड झाली. ३०० च्या शीटला ५०० मिमीसाठी फक्त ०.२ सेकंद उरतात. वेग कागदाच्या चौपट चढवावा लागतो आणि प्रवेग ४५० च्या सहापट लागतो. ड्रमला त्यासाठी ४०० आरपीएम हवेत, म्हणजे १०:१ च्या गिअरबॉक्समागे मोटरला ४०००. बसवलेली मोटर ३००० ची होती. त्यामुळे ४५० आता ६० मीटरला स्वच्छ निघते, पण ३०० साठी नुसत्या आरपीएमचा हिशेब धरला तरी ४५ मीटरच्या पुढे जाता येत नाही. कोटेशनवर मात्र ६० छापलेलेच आहेत.