कृतिदेवमधली जुनी पीएसडी: मूळ फॉन्ट आणावा की युनिकोड पर्याय निवडावा?

गणेशोत्सव जवळ आला की पुण्यातल्या अनेक मंडळांकडून जुन्या फ्लेक्सची पीएसडी फाइल येते आणि त्यात फक्त तारखा व देणगीदारांची नावे बदलायची असतात. फाइल फोटोशॉपमध्ये उघडली की टेक्स्ट लेअरवर पिवळा त्रिकोण दिसतो, म्हणजेच त्या संगणकावर तो फॉन्ट नसतो. तरीही पडद्यावर ‘सार्वजनिक’ हा शब्द व्यवस्थित दिसतो, कारण ते फाइलमध्ये साठवलेले जुने चित्र असते. लेअर संपादित करायला घेतला की खरा प्रश्न समोर येतो.

फॉन्ट कृतिदेवसारखा नॉन-युनिकोड असेल, तर लेअरमध्ये प्रत्यक्षात `lkoZtfud` अशी रोमन अक्षरे असतात. तिथे मुक्त हा युनिकोड फॉन्ट लावला, तर त्यातही रोमन अक्षरे असल्यामुळे हीच अक्षरे सुबकपणे उमटतात. म्हणून अशा फाइलमध्ये `Replace All Missing Fonts` वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूळ फॉन्ट रीतसर मिळवून बसवला, तर ओळींची मोडणी आणि अक्षरांचे वळण जसेच्या तसे राहते. यंदापुरत्या चार तारखा बदलायच्या असतील, तर हाच मार्ग सोयीचा आहे; मात्र फाइल जिथे जाईल तिथे तो फॉन्ट लागतो आणि नवी नावेही त्याच फॉन्टच्या कळफलकाने टंकावी लागतात.

फाइल दरवर्षी वापरायची असेल, तर मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणणे अधिक शहाणपणाचे ठरते. त्याआधी मूळ फाइलची प्रत करावी आणि काहीही न छेडता जेपीजी काढून ठेवावी. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टंकला जातो, युनिकोडमध्ये नेमके उलट असते. त्यामुळे रूपांतरानंतर ‘नि’ आणि ‘र्व’ आधी तपासावेत. मजकूर बरोबर असूनही वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडत असेल, तर फॉन्टला दोष न देता टाइपच्या सेटिंगमध्ये `World-Ready Layout` हा पर्याय असल्यास तो निवडलेला आहे का ते पाहावे.

पर्यायांपैकी मुक्तमध्ये सात वजने असल्याने मोठे शीर्षक आणि बारीक नावे एकाच फॉन्टमध्ये बसतात. टिरो देवनागरी मराठी या फॉन्टमधले ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे व देखणे आहेत, पण त्याला ठळक वजन नाही, आणि फोटोशॉपचा कृत्रिम ठळकपणा अक्षरांच्या पोकळ्या बुजवतो. फ्लेक्ससाठी मी मुक्त घेईन, तर निमंत्रणपत्रिकेसाठी टिरो. एकाच पॉइंट आकारात दोन फॉन्टची अक्षरे लहानमोठी दिसतात, तेव्हा आकडा तसाच न ठेवता ती जेपीजी अर्धपारदर्शक करून वर ठेवावी आणि शिरोरेषा व अक्षरांचा तळ जुळेपर्यंत आकार बदलावा.

मजकुराचे शेपमध्ये रूपांतर फक्त मंडळाच्या बोधचिन्हातल्या नावापुरते करावे आणि तेव्हाही संपादनयोग्य लेअरची प्रत त्याच फाइलमध्ये लपवून ठेवावी.