नंबरचा स्विमिंग गॉगल: आठ महिने वापरल्यावर

माझा नंबर उजव्या डोळ्याला वजा साडेचार, सिलिंडर म्हणजे तिरपा नंबर वजा एक. डाव्याला नुसता वजा पावणेचार. चष्मा काढला की विहिरीच्या पायऱ्या एकमेकींत मिसळतात. म्हणून गेल्या उन्हाळ्यापर्यंत कॉन्टॅक्ट लेन्सवर साधा गॉगल चढवून पोहायचो. परभणीकडे मामाची विहीर, एरवी शहरातला तलाव.

ते थांबलं मावसभावामुळे. तोही लेन्स घालूनच विहिरीत उडी मारायचा. काही दिवसांनी एक डोळा लाल झाला. मेडिकलवाला म्हणाला, "डोळे आलेत," आणि थेंब दिले. पण डोळे आले की चिपडं येतात. याला चिपडं नव्हती, ठणका मात्र असा की उजेडात डोळा उघडेना. थेंबात स्टेरॉइड होतं, त्यामुळे दोन दिवस बरं वाटलं, मग दुखणं दुपटीनं वाढलं. शेवटी संभाजीनगरला डॉक्टरांनी बुबुळ खरवडून नमुना तपासला. अकँथअमिबा नावाचा पाण्यातला सूक्ष्म जीव निघाला. सुरुवातीला रात्रीसुद्धा तासातासाला थेंब, आणि पुढे कित्येक महिने औषध. नजर अजून धूसर आहे.

हा जीव विहिरीत असतो, टाकीत असतो, नळालाही येतो. कवच धरून बसला की तलावातल्या क्लोरीनलाही दाद देत नाही. मऊ लेन्स पाणी शोषते आणि त्याला बुबुळाशी धरून ठेवते. वर साधा गॉगल असला तरी उडी मारताना सरकला की संपलंच. म्हणून लेन्स नळाच्या पाण्यानंही धुवायची नाही.

आता गॉगलचं. हे तयार मिळतात, अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यानं, आणि सिलिंडर बहुतेकांत नसतो. मग सिलिंडरचा अर्धा मूळ नंबरात मिळवायचा: माझ्या उजव्याचे वजा पाच झाले. दुकानदार पाचच देत होता. मी साडेचार घेतला, कारण जास्त नंबरानं डोळ्यावर ताण येतो, थोडा कमी चालतो. डाव्याला साडेतीन. दोन्ही डोळ्यांना वेगळा नंबर बसवून देणारं मॉडेल बघून घ्या. काच बाहेरून सपाट आणि नंबर आतल्या बाजूला असतो, त्यामुळे पाण्याखाली आणि वर सारखंच स्पष्ट दिसतं. पलीकडच्या भिंतीवरचं घड्याळ मला वाचता येतं. बारीक अक्षरांना थोडी सावली असते, ती सिलिंडरची.

तक्रार एकच. आतला वाफ न धरणारा थर तिसऱ्या महिन्यात गेला, आणि चूक माझीच: बोटानं पुसायचो. आता गोड्या पाण्यात नुसता बुडवून सावलीत वाळवतो. रबर अजून मऊ आहे.

उडी मारताना मात्र हा गॉगलही निघतो. मी पायऱ्यांनी उतरतो, पोरं हसतात.