चमकी खाचेत की खाचेच्या पुढे? लहान नाक, रुंद नाक आणि चार मिलिमीटरचा फरक

नाक टोचायचं ठरलं की घरात सगळी चर्चा खडा कसला आणि सोनं किती यावर होते. भोक नेमकं कुठे पाडायचं हे मात्र सोनारासमोर बसल्यावर, एका मिनिटात ठरतं. खडा केव्हाही बदलता येतो, भोक बदलायला वर्ष जातं. मी ते वर्ष घालवलंय, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

माझं नाक रुंद आहे. मोजपट्टी धरली तर एका नाकपुडीच्या बाहेरच्या कडेपासून दुसरीच्या कडेपर्यंत साधारण ४० मिलिमीटर भरतं. धाकट्या बहिणीचं ३२, आणि शेंडा किंचित वर. घर एकच, सोनार एकच, पण तिला शोभलेली चमकी मला कधी शोभली नाही आणि माझी तिला.

जागेचे पर्याय मुख्यतः दोन. एक म्हणजे नाकपुडी गालाला मिळते त्या खाचेत. दुसरा म्हणजे खाचेच्या पुढे, नाकपुडीच्या फुगीर भागावर. माझं पहिलं भोक खाचेत होतं. मावशीचं म्हणणं होतं, “रुंद नाकाला चमकी मागे घ्यावी, नाक बारीक दिसतं.” तिचं अगदीच चुकीचं नव्हतं. खाचेतली चमकी बाजूने फार नाजूक दिसते आणि समोरून जवळजवळ लपते. ज्यांना ऑफिसात फारसं लक्ष वेधायचं नसतं त्यांना ते आवडतंही. सुरुवातीला नुसती सोन्याची तार होती, तोवर मलाही काही वाटलं नाही.

त्रास सुरू झाला चमकी घातल्यावर. चमकीची बैठक सपाट असते आणि खाचेतली त्वचा सपाट नसते. तिथे नाकपुडी वळून गालात शिरते. त्यामुळे बैठकीची एक कड नाकावर टेकायची आणि गालाकडची कड उचललेली राहायची. त्या उचललेल्या कडेखाली रोज सकाळी टॉवेलचा धागा अडकायचा. तोंड धुतलं, डोळे मिटून टॉवेल फिरवला, की नाकातून कळ यायची. मग आरशासमोर उभं राहून तो एक धागा नखाने सोडवत बसायचं. मी टॉवेल बदलले, टिपून पुसायला शिकले, तरी आठवड्यातून दोनदा हे व्हायचंच. एकदा चमकी उपसून बाहेर आली आणि थेट मोरीच्या जाळीतून गेली. शिवाय हसलं की गाल वर सरकून चमकीला ढकलायचा. त्या सततच्या दाबाने भोकाच्या गालाकडच्या बाजूला लालसर दाणा धरला. मलमं लावून तो बसायचा आणि परत यायचा. ज्या दिवशी चमकी काढून ठेवली, त्यानंतर काही आठवड्यांत तो आपोआप गेला.

तुमचं भोक असं आहे का, हे ओळखायला सोपं आहे. आरशात बघत मोठं हसा. चमकीचा खडा समोर न बघता वर किंवा पुढे कलला, तर गाल तिला ढकलतोय. कडेखाली साबणाचा पांढरा थर पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर बैठक नीट टेकलेली नाही. खाचच उथळ असलेल्या काहीजणींना हा त्रास होत नसावा. माझ्या एका मैत्रिणीची चमकी खाचेत वर्षानुवर्षं सुखाने आहे. पण रुंद नाकाला ही खाच बहुधा खोल असते, निदान माझी तरी आहे.

दुसरं भोक मी खाचेपासून चार मिलिमीटर पुढे पाडून घेतलं. इथे रुंद नाकाची खरी गोम कळली. समोरून पाहिलं की नाकपुडीचा एक बिंदू सगळ्यात बाहेर आलेला असतो. चमकी नेमकी त्या बिंदूवर बसली तर ती नाकाच्या रेषेबाहेर डोकावते आणि नाक होतं त्याहून रुंद दिसतं. त्या बिंदूच्या मागे, म्हणजे खाचेकडे, गेली तर समोरून दिसत नाही. आणि थोडी पुढे आली तर ती चेहऱ्याच्या आत येते, पूर्ण दिसते आणि तरी नाकाची कड मोकळी राहते. रुंद नाकावर चमकी ‘मोठी दिसते’ अशी तक्रार असते, तेव्हा दोष पुष्कळदा खड्याचा नसून या बाहेरच्या बिंदूचा असतो.

आकाराचंही तसंच. रुंद नाकाला बारीकच चमकी हवी असं सगळे सांगतात. मी दोन मिलिमीटरची, म्हणजे जेमतेम तीन सेंटच्या हिऱ्याची, दीड वर्ष वापरली. जवळून सुरेख होती. लग्नाच्या फोटोंमध्ये मात्र ती पुटकुळीसारखी दिसली, आणि सासूबाईंनी तर एकदा “नाकावर काय झालंय गं?” असं विचारलं. मग सात खड्यांची मोरणी घालून पाहिली. ती सणाला छान, पण रोज नाही, कारण उशीवर कूस बदलली की टोचायची. शेवटी अडीच मिलिमीटरच्या खड्यावर थांबले, बंद कोंदणातल्या. कोंदणाची कड धरून ती तीन मिलिमीटरच्या आसपास जाते. बंद कोंदण अशासाठी, की उंच काट्यांवर बसवलेला खडा नाकापासून वर उभा राहतो आणि ती उंचीच रुंदीसारखी दिसते. काट्यांच्या चमकीत प्रकाश जास्त खेळतो हे खरं, हिरा खुलतोही. पण काट्यांनाही धागे अडकतात, आणि धाग्यांशी माझं भांडण मी आधीच सांगितलंय.

लहान नाकाचं गणित वेगळं आहे, कारण तिथे जागाच कमी. बहिणीच्या नाकपुडीवर चार मिलिमीटर पुढे जायचं म्हटलं तर चमकी शेंड्याच्या जवळ पोचते. तिला खाचेपासून दोन मिलिमीटर पुढे, पण जरा वरच्या अंगाला, ही जागा बसली. वर घेण्याचं कारण तिच्या नाकाचा शेंडा. शेंडा वर असला की समोरून नाकपुडीच्या आतलं थोडं दिसतं, आणि भोक खाली असेल तर आतली फिरकी डोकावते. खड्याला तिच्यासाठी दीड ते दोन मिलिमीटर पुरेसे झाले. लग्नात तिला तीन मिलिमीटरची हौसेने दिलेली चमकी आली होती. त्या चमकीने तिची अर्धी नाकपुडी झाकली, आणि खरा त्रास आतून झाला. फिरकी आतल्या पडद्याला घासायची, सर्दी झाली की डोळ्यांतून पाणी यायचं. सोनाराने तीच चमकी काटकोनात वळवलेल्या तारेवर बसवून दिली, तेव्हा घासणं थांबलं. लहान नाकाला म्हणून मी खड्याआधी मागची बाजू बघायला सांगते. माझ्यासारख्या जाड नाकपुडीला उलटा प्रश्न येतो: दांडी आखूड पडली तर बैठक त्वचेत रुतते. दुकानात तयार मिळणाऱ्या चमक्यांची दांडी सहा-साडेसहा मिलिमीटरच्या आसपास असते. ती मला घट्ट होते, तिला सैल.

नथ घालणार असाल तर तेही आधी धरा. माझ्या खाचेतल्या भोकात नथीचे मोती गालावर टेकून तिरपे व्हायचे. पुढच्या भोकात ती ओठांच्या वर नीट झुलते. दाबाची नथ वापरणाऱ्यांना हा प्रश्नच नाही.

गेल्या महिन्यात भाचीला घेऊन आम्ही हे सगळं पद्धतशीर केलं. तिचं नाक मध्यम, ३५ मिलिमीटरचं, पण नाकपुड्या बाहेर फुगलेल्या, माझ्या वळणावर गेलेल्या. आम्ही सगळ्यात बारीक टिकल्यांचं पाकीट आणलं आणि डाव्या नाकपुडीवर एकेक जागा करून पाहिली. टिकली लावल्यावर आधी चेहरा शांत ठेवून बघायचं, मग हसून. हसल्यावर नाकपुडी पसरते आणि खाच पुढे सरकते, त्यामुळे शांत चेहऱ्यावर बरोबर वाटलेली जागा हसताना खाचेत जाऊन बसू शकते. तिची पहिली जागा अशीच बाद झाली. दुसरी समोरून रेषेबाहेर येत होती. तिसरी, खाचेपासून साधारण तीन मिलिमीटर पुढे, दोन्ही वेळा ठीक दिसली.

फोटो काढताना एक चूक आम्ही केली होती. हातातल्या फोनवर सेल्फी काढला की नाक कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळ असतं आणि आहे त्याहून मोठं येतं. तो फोटो बघून ती “मला अगदी छोटीच हवी” म्हणायला लागली. मग तिच्या आईने पाच फुटांवरून फोटो काढला, तेव्हा दीड मिलिमीटरची टिकली दिसेनाशी झाली आणि अडीचची बरी वाटली. टिकली कागदासारखी सपाट असते, खडा उभा असतो, म्हणून प्रत्यक्षात मी अर्धा मिलिमीटर कमीच धरला. तिला दोनचा खडा, बंद कोंदणात.

सोनाराकडे जाताना टिकली काढून तिथे पेनाने ठिपका दिला, आणि काकांना विनंती केली की टोचण्याआधी ठिपका आरशात पुन्हा दाखवा, तिला हसायला सांगा. त्यांनी मनापासून केलं. मॉलमध्ये बंदुकीने टोचायचा पर्यायही होता. लवकर होतं म्हणतात, पण तिथे सुईसारखं टोक नसून दांडीच जोराने घुसवतात आणि कोन हातात राहत नाही. नाकपुडीला कोन महत्त्वाचा, कारण भोक तिरकं पडलं तर जागा बरोबर असूनही बैठक एका बाजूने उचललेली राहते. मी सुईच्या बाजूची आहे.

सुरुवातीला सूज धरून दांडी मुद्दाम लांब ठेवतात, त्यामुळे चमकी थोडी बाहेर आल्यासारखी दिसते. त्यावरून आकार चुकला असं ठरवू नका. नाकपुडी आतून भरून यायला चार ते सहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात. भाचीची आत्ता पाचव्या आठवड्यात आहे, रोज मिठाच्या कोमट पाण्याने धुते, आणि तोंड पुसायला टॉवेलऐवजी आजीच्या जुन्या सुती साडीचा तुकडा वापरते. त्याला सुटे धागे नाहीत.