दोन बाथरूमचा पाईप-फिटिंगचा हिशोब: पॉइंटवर की भिंतीवर?

सामान काढायच्या दोन रीती आहेत. एक पॉइंटवरची: दर पॉइंटला दोन मीटर पाईप, दोन एल्बो, एक टी. दुसरी लेआउटवरून भिंत-भिंत मोजायची. दोन्हींवर फ्लॅट उभे राहतात.

पाऊण इंची सीपीव्हीसीचं एक बाथरूम घेऊ. मेन लाइन आणि किचन वेगळे. पॉइंट नऊ: बेसिनचे दोन, गीझरचे दोन, फ्लश टाकी, हेल्थ फॉसेट, डायव्हर्टर, शॉवर, स्पाउट. पॉइंटच्या हिशोबाने १८ मीटर.

आता भिंतीवरून. लेआउटमध्ये फक्त आडवी लाइन दिसते, गरम-थंड मिळून साधारण ६.७ मीटर. उभे ड्रॉप त्यात नसतात, ते उंचीवरून काढावे लागतात. हेडर, म्हणजे ही वरची आडवी लाइन, २.४ मीटरवर असेल तर बेसिनला १.८५, टाकीला २.१५, डायव्हर्टरला १.४, गीझरला ०.६. बेसिन, डायव्हर्टर आणि गीझरला गरम-थंड दोन्ही, म्हणून तिथे दुप्पट. शॉवर आणि स्पाउटचे दीड मीटर धरले की हिशोब पुन्हा १८ च्या आसपासच येतो. म्हणजे पाईपपुरती पॉइंटची रीत खोटी नाही, आणि वेळ वाचतो तो वेगळाच.

खटकतं ते फिटिंगमध्ये. पॉइंटवरून १८ एल्बो येतात. भिंतीवर मोजले तर साधे सातच लागतात आणि टी पाच, पण नळाच्या तोंडांना ब्रास एल्बो लागतात आठ, तेही पाऊण बाय अर्धा. शिवाय चार तोंडांच्या डायव्हर्टरला चार एमटीए, म्हणजे बाहेरून आटे असलेले जोड, ते तर यादीत नसतातच. मग साधे एल्बो पोत्यात उरतात आणि एका ब्रास एल्बोसाठी टेस्टिंग अडतं, टाइलवाला हात बांधून बसतो. घाईत अर्धा बाय अर्धा आणला तर तो पाऊण इंची पाईपवर बसतच नाही. माझ्या मते निर्णय इथेच होतो.

वेस्टेजही सरसकट दहा टक्के लावू नये. दोन बाथरूमचे ३६ मीटर, दहा टक्के धरून ३९.६, तीन मीटरच्या १४ नळ्या. कापणी जुळवली (१.८५ सोबत शॉवरचा १.१, २.१५ सोबत ०.६) तर तेवढ्यात भागतं. साधे एल्बो १४ ऐवजी १६, टी १० ऐवजी ११, जोडांसाठी चार-सहा कपलर. गरम लाइन थंड लाइनला ओलांडत असेल तर त्या जागेचं फिटिंग वेगळं मोजा. ब्रासला टक्का नको: १६ मोजलेत तर १७ घ्या. टेस्टिंगचे १६ डमी प्लग त्याच यादीत लिहा.

डायव्हर्टरचं मॉडेल किंवा गीझरची भिंत अजून ठरली नसेल, तर मात्र पॉइंटवरून बजेट काढून थांबलेलं बरं. न वापरलेली फिटिंग बिल दाखवून बहुतेक दुकानदार परत घेतात. कापलेली नळी कोणी घेत नाही.