आठ महिने स्टॉकचं शीट वापरल्यावर: अक्रोडाची बरणी आणि लोण्याचा हिशोब

घरूनच बिस्किटं आणि केक करून विकते. रोजचे दोन-तीन घाणे, कामाला मी आणि अर्धवेळ एक मदतनीस. आधी सगळा हिशोब फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर असायचा. आठ महिन्यांपूर्वी तो फोनवरच्या स्प्रेडशीटमध्ये आणला. तयार ॲपही महिनाभर वापरून पाहिलं, पण त्यात एका जिन्नसाला एकच एक्स्पायरी टाकता यायची, म्हणून सोडलं.

शीट साधंच आहे. माल आला की एक ओळ, वापरला की एक ओळ. रकाने पाच: तारीख, जिन्नस, लॉट, IN किंवा OUT, आणि ग्रॅम. शिल्लक या सूत्राने निघते:

```
=SUMIFS(E:E,B:B,"लोणी",D:D,"IN")-SUMIFS(E:E,B:B,"लोणी",D:D,"OUT")
```

तिसऱ्या महिन्यात एका ग्राहकाचा फोन आला, बिस्किट कडू लागतंय. चाखून पाहिलं तर अक्रोड खवट झालेला, जुन्या ऑइलपेंटसारखा वास. शीटमध्ये त्या घाण्यापुढे लॉट ‘अ-२’ लिहिलेला होता. पण अ-२ तर नुकताच आणलेला, पाकीट उघडून चारच दिवस झालेले! मग बरणी रिकामी केली आणि चूक कळली. नवीन पाकीट मी जुन्या अक्रोडांवरच ओतलं होतं. तळाशी अ-१ चे मूठभर तुकडे तसेच पडून होते. लॉट शीटमध्ये वेगळे होते, बरणीत नव्हते. कोणत्या घाण्यात किती जुना माल गेला हे सांगता येईना, म्हणून पाकीट उघडल्यापासूनचे पाचही घाणे परत मागवावे लागले. लॉट वेगळा असता तर एकावर भागलं असतं.

तेव्हापासून बरणीत भर घालत नाही. बरणी संपली की धुऊन, पूर्ण कोरडी करून मगच नवीन लॉट, आणि लॉटची चिठ्ठी झाकणावर नाही, बरणीच्या अंगावर. झाकणं अदलाबदल होतात. अक्रोड आता फ्रिजमध्ये हवाबंद ठेवते. आधी काय वापरायचं ते आणल्याच्या तारखेवर नाही, संपण्याच्या तारखेवर ठरवते, कारण नंतर आलेल्या पाकिटाची तारीख कधीकधी आधीची निघते.

शीटचा खरा फायदा झाला तो माल कधी मागवायचा यात. लोणी दोन किलोवर आलं की सांगायचं, हा माझा जुना अंदाज. दोनदा ऐन वेळी लोणी संपलं. मग आठ आठवड्यांच्या OUT ओळींची बेरीज केली: 22.4 किलो, म्हणजे दिवसाला 400 ग्रॅम. सांगितल्यापासून लोणी यायला एरवी 4 दिवस लागतात, म्हणजे तेवढ्यात 1.6 किलो जाणार. वर 400 ग्रॅम उरतात, मग संपलं का? कारण गर्दीच्या दिवसांत 600 ग्रॅम लागतं आणि पुरवठादार कधीकधी 6 दिवस लावतो. दोन्ही एकदम झालं तर 3.6 किलो लागतं. आता मी 3.6 लाच मागवते. एरवी त्यातले 2 किलो नवीन माल येईपर्यंत शिल्लक राहतात, ते राखीव. एका वेळी 6 किलोच मागवते, कारण माझ्या फ्रिजमध्ये एकूण 8 किलोच मावतं. हे आकडे माझ्या स्वयंपाकघराचे आहेत, तुम्ही तुमचेच काढा.

यातही एक फट राहिली होती. एकदा शिल्लक 4.1 किलो होती, 3.6 ला लाल होणारा शिल्लकेचा खाना लाल झाला नाही, मी निवांत. पण शनिवारच्या मोठ्या ऑर्डरला त्यातलं अडीच किलो जाणार होतं, खरं हाताशी 1.6 च. आता ऑर्डर पक्की झाली की तिचं लोणी ‘राखून ठेवलेलं’ या रकान्यात टाकते, आणि शिल्लकेतून ते वजा करून उरलेला आकडा 3.6 शी ताडते.

मैद्याचं मात्र अजून पूर्ण जमलेलं नाही. घाणा टाकला की कृतीप्रमाणे 1.2 किलो आपोआप वजा होतो. बारा घाण्यांनंतर 14.4 किलो जायला हवा होता, डबा वजन करून पाहिला तर 15.1 गेलेला. चोर सापडला ओट्यावरच: लाटताना भुरभुरवायचा मैदा कृतीत लिहिलेलाच नव्हता. तो धरून घाण्याला 1.26 केलं. तरी दर रविवारी डबा काट्यावर ठेवतेच, फरक आला तर ‘दुरुस्ती’ म्हणून वेगळी IN किंवा OUT ओळ टाकते. जुन्या ओळीत खाडाखोड करत नाही, नाहीतर फरक कुठून आला ते पुन्हा शोधता येत नाही.

कंटाळा फक्त एकाच गोष्टीचा: पिठाच्या हातांनी फोनवर टाइप करणं. त्यावर काट्याशेजारी पाटी आणि पेन्सिल ठेवली आहे. दिवसभर आम्ही त्यावर लिहितो आणि रात्री मी ओटा पुसून झाला की दहा मिनिटांत शीटमध्ये उतरवते. मदतनीसाची पाटी माझ्यापेक्षा नीट असते.